एका बाटलीचे तीन डाग: पैठणी, सॅटिनचा गाऊन आणि विस्कोसचा कुडता

सोमवार, २ डिसेंबर २०२४

डाग काढायला दुकानात एकाच घरातले तीन कपडे आले. जांभळी पैठणी, नारळी काठाची. फिक्या गुलाबी सॅटिनचा गाऊन. बाटली हिरव्या रंगाचा विस्कोस क्रेपचा कुडता. रिसेप्शनला निघताना एकाच खोलीत एकाच बाटलीतलं परफ्यूम तिन्हींवर उडालंय. पावतीवर तिघांपुढेही "सेंटचा डाग" लिहून मोकळं होता आलं असतं, पण टेबलावर पसरल्यावर तिन्ही डाग एकमेकांचे कुणी लागत नाहीत. म्हणून या कामाची वेगळी वही.

कपडे आणणाऱ्या वहिनींना बाटलीही घेऊन या म्हटलं. आधी म्हणाल्या, "ताई, बाटली कशाला? वास तर अजून येतोय." पण संध्याकाळी मुलाच्या हाती पाठवली. घटकांच्या यादीत पहिलं अल्कोहोल, मग सुगंधी तेलं, मग पाणी, आणि शेवटी रंगाचा नंबर सीआय १९१४०, म्हणजे टार्ट्राझिन, मिठाईत असतो तोच पिवळा. टीपकागदावर एक फवारा मारून ठेवला. अल्कोहोल उडालं, पण पुडीच्या कागदावर तेल उतरतं तसा पारदर्शक ठिपका मागे राहिला. परफ्यूम "उडून जातं" म्हणतात. उडतं ते अल्कोहोल. तेल कापडातच बसतं आणि महिनोन्‌महिने हवा लागून पिवळं-तपकिरी होत जातं.

मंगळवार, ३ डिसेंबर

आजचा दिवस पैठणीला.

डाग खांद्यावर, पदर सुरू होण्याआधीच्या अंगावर. पदराच्या प्लेट्स घालून पिन लावल्यावर फवारा मारला गेला. त्यामुळे साडी उलगडली की एक डाग नाही, रांग दिसते. सगळ्यात वरच्या प्लेटवर तळव्याएवढा डाग, आणि पुढे सारख्या अंतरावर प्रत्येक प्लेटच्या दुमडीवर एक बारीक उभा पट्टा, आत जाल तसा फिका होत गेलेला. हे अंतर मोजून ठेवलं, कारण पुन्हा प्लेट घालताना ते उपयोगी पडेल.

गंमत अशी की वरचा डाग आणि आतले पट्टे वेगळे दिसतात. आतल्या पट्ट्यांना कडा नाही, कापड नुसतं किंचित गडद आणि ओशट. वरच्या डागाला मात्र ठळक कडा आहे. बोट फिरवलं तर ती कडा हाताला ताठ लागते आणि नखाने हलकं खरवडलं की पांढरी रेघ उठते. हा गोंद किंवा खळ. तेल नखाने पांढरं होत नाही.

मग वहिनींना फोन केला.

"वहिनी, फवारा मारल्यावर त्यावर काही लावलं होतं का?"

"काही नाही हो. ओला नॅपकिन फिरवला फक्त, लगेच."

"आणि साडी त्याआधी पॉलिशला दिली होती?"

"हो तर. रोल पॉलिश केलेली, लग्नासाठीच."

म्हणजे ती कडा परफ्यूमची नाहीच, नॅपकिनच्या पाण्याची आहे. रोल पॉलिश करताना साडीला खळ किंवा गोंदाचं पाणी देऊन ती गरम रुळांतून काढतात, त्यानेच ती नव्यासारखी कडक आणि चकचकीत होते. त्या कापडावर पाणी पडलं की मधला गोंद विरघळतो, पाण्याबरोबर बाहेर सरकतो आणि पाणी जिथे वाळतं तिथे कडेला साचतो. नॅपकिन पोचला तो फक्त वरच्या प्लेटपर्यंत. म्हणून आतल्या पट्ट्यांना कडा नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. वरच्या डागाच्या मध्यात, नॅपकिनने जास्त चोळलं गेलं असेल तिथे, जांभळा रंग फिका आहे आणि त्याला लागून एक गडद पट्टी आहे. साडी उलटी करून पाहिली, मागूनही तसंच. वरवरचा ओशटपणा असता तर मागे इतका स्पष्ट दिसला नसता. इथे रंगच जागचा हलला आहे. उजेडासमोर तिरकं धरल्यावर त्याच जागी रेशमाची तकाकी गेल्यासारखी वाटते, जणू बारीक पांढुरकी लव. ओलं रेशीम चोळलं की धाग्याचे सूक्ष्म तंतू तुटून उभे राहतात. हा डाग नाही, इजा आहे. हे कुठल्याच बाटलीतल्या औषधाने निघत नाही आणि काढायला गेलं की वाढतं.

तर एका साडीवर तीन वेगळ्या गोष्टी: तेल, गोंदाची कडा, आणि हललेला रंग. पहिल्या दोन काढता येतात. तिसरीला हात लावायचा नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

औषध लावण्याआधी रंगाची परीक्षा. साडीचं कमरेत खोचायचं आतलं टोक घेतलं. खाली टीपकागद, वर कापसाचा बोळा, दाबून एक मिनिट. चोळायचं नाही, नाहीतर रंग धाग्याने सोडला की आपण घासून काढला ते कळत नाही. चार बोळे, चार द्रव: बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी; त्याच पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर; एमटीओ, म्हणजे ड्रायक्लीनचं पेट्रोलियम द्रावण; आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी निम्मं-निम्मं.

पाणी स्वच्छ. व्हिनेगरचं पाणी स्वच्छ. एमटीओ स्वच्छ. अल्कोहोल-पाण्याचा बोळा जांभळा.

रंग का हलला हे इथेच समजलं. रेशमावरचे आम्लधर्मी रंग नुसत्या पाण्याला बऱ्यापैकी टिकतात, नुसत्या अल्कोहोललाही बऱ्याचदा टिकतात, पण दोन्हींचं मिश्रण त्यांना सोडवतं. परफ्यूममधलं अल्कोहोल सुकायच्या आत नॅपकिनचं पाणी त्यात मिसळलं आणि वर घर्षण झालं. "परफ्यूमचा डाग स्पिरिटने पुसा" हा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. या साडीवर तो पाळला असता तर फिका पट्टा हाताच्या पंजाएवढा झाला असता.

दुपारी दुकानातल्या मामांनी एक कामाची गोष्ट केली. कपाटातल्या पांढऱ्या रेशमाच्या चिंध्या काढून निम्म्यांना पॉलिशचं गोंदपाणी दिलं, निम्म्या कोऱ्या ठेवल्या. सगळ्यांवर वहिनींच्याच बाटलीचा फवारा. मग काहींवर ओला नॅपकिन. गोंद दिलेल्या आणि नॅपकिन फिरवलेल्या चिंधीवर हुबेहूब पैठणीसारखी कडा आली. गोंद दिलेल्या पण कोरड्या ठेवलेल्यावर अंधुक ओशट ठिपका, कडा जवळजवळ नाही. कोऱ्या रेशमावर नॅपकिन फिरवूनही कडा बारीकच. एक चिंधी मामांनी मुद्दाम गरम इस्त्रीखाली धरली, ती पिवळसर झाली आणि तशीच राहिली. तेल निघाल्याची खात्री होईपर्यंत या साडीवर इस्त्री नाही, रूळ तर नाहीच.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पैठणी, पहिली पायरी: तेल. आधी कोरडं औषध, म्हणजे बिनपाण्याचं द्रावण, मग ओलं. उलटं केलं तर पाणी तेलाभोवतीने जातं आणि नवीन कडा तयार करतं.

मागच्या खिडकीजवळ काम केलं, पंखा बाहेरच्या दिशेने, आणि शेगडी असलेली बाजू बंद. एमटीओ पेट घेतं. हे घरी स्वयंपाकघरात करायचं काम नाही. साडीचा डागाचा भाग सुलट बाजू खाली करून पांढऱ्या सुती कापडाच्या घडीवर पसरला. उलट्या बाजूने बोळ्याने टिपायला सुरुवात, बाहेरून आत. खालचं कापड दर काही टिपांनंतर सरकवायचं, नाहीतर काढलेलं तेल पुन्हा वरच चढतं. सरकवलेल्या कापडावर सुरुवातीला फिकट पिवळे ठिपके उमटले, नंतर ओशट, नंतर काहीच नाही. शेवटी कडा पुसट करण्यासाठी डागापलीकडच्या चांगल्या कापडावरही हलका बोळा आणि लगेच थंड हवेचा ड्रायर.

आतल्या बारीक पट्ट्यांना फार वेळ लागला नाही. वरच्या डागाच्या मध्यात हललेल्या रंगाच्या जागी मी फक्त टेकवला, दाबला नाही.

तेल गेलं की नाही हे कसं कळतं? द्रावण पूर्ण उडाल्यावर टीपकागद खाली ठेवून जुन्या डागाच्या जागी द्रावणाचा एक थेंब द्यायचा आणि कागद वाळू द्यायचा. वाळल्यावर कागद पारदर्शक राहिला तर तेल आहे. कागद आधीसारखा पांढरा झाला तर गेलं. वरच्या डागाला दुसऱ्या फेरीनंतर पांढरा आला.

शनिवार, ७ डिसेंबर

सॅटिनचा गाऊन आज उरकला. बिलावर दुकानदाराने "सॅटिन सिल्क" लिहिलंय. शिवणीतल्या आतल्या कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवला: वितळला, काळा कडक मणी झाला, केसांचा वास नाही. पॉलिस्टर. रेशीम असतं तर केस जळल्याचा वास येऊन राख बोटात चुरली असती. अस्तराचा धागा वेगळा दिसला म्हणून तोही तपासला, तोही पॉलिस्टर. अस्तर अ‍ॅसिटेटचं असेल तर नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब त्याला भोक पाडतो. म्हणून तपासल्याशिवाय रिमूव्हर कुठल्याच कपड्याजवळ आणत नाही.

पॉलिस्टरला पाणी आवडत नाही, तेल मात्र घट्ट धरतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, सॅटिनचे लांब धागे ज्या दिशेने जातात त्याच दिशेने. आडवा ब्रश मारला की तंतू निघतात आणि चमक तुटते. थोडी पिवळट छटा उरली होती; पॉलिस्टरच्या रंगाने अल्कोहोल-पाण्याची परीक्षा पास केली होती, म्हणून इथे ते वापरलं आणि ती गेली. मग साधं पाणी, सावलीत वाळवण. काम संपलं.

सोमवार, ९ डिसेंबर

विस्कोसच्या कुडत्यावर डोकं लावावं लागलं. गळ्याभोवती नारिंगी ठिपके. घरच्यांचं म्हणणं, परफ्यूमचा रंग उतरला. पण बाटलीतला पिवळा रंग पाण्यात सहज जातो, धुतल्यावर वाढत नाही. हे ठिपके मात्र कुडता घरी धुतल्यानंतर आले. आधी नव्हते.

वहिनींना फोन केला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. त्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे, बादलीच्या तळाशी लालसर गाळ बसतो. आणि कुडता घातलेल्या त्यांच्या भाचीने दिवसभर मानेला सनस्क्रीन लावलं होतं. बरीच सनस्क्रीन अ‍ॅव्होबेन्झोन नावाच्या घटकावर चालतात, आणि हा घटक पाण्यातल्या लोहाशी जोडला गेला की गंजासारखा नारिंगी डाग देतो. माझा अंदाज असा की गळ्यावर उडालेल्या परफ्यूमच्या अल्कोहोलने मानेवरचं सनस्क्रीन सैल करून कापडात नेलं, आणि पहिल्या धुण्याने त्याला रंग दिला. काही परफ्यूममध्येही हा घटक असतो, पण वहिनींच्या बाटलीच्या यादीत तो नाही.

यावर ब्लीच म्हणजे आगीत तेल: क्लोरीनने लोहाचा डाग पक्का होतो. आम्ही आधी भांड्यांच्या लिक्विडने गळ्याचा ओशटपणा काढला, मग लिंबूसत: एक छोटा चमचा पाव लिटर बॅटरीच्या पाण्यात. आतल्या शिवणीवर हिरव्या रंगाची परीक्षा घेतली, टिकला. ड्रॉपरने ठिपक्यांवर सोडून दहा मिनिटं ठेवलं आणि धुतलं. ठिपके नारिंगीचे फिके पिवळे झाले. पुन्हा एकदा, आणि मग भरपूर शुद्ध पाण्याने धुणं, कारण आम्ल विस्कोसमध्ये वाळलं तर धागा कमजोर होतो.

विस्कोसची दुसरी भानगड म्हणजे ओलं असताना त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. पिळायचं नाही, खांद्यावरून उचलायचं नाही, डाग चोळायचा तर नाहीच. धुण्याआधी छाती आणि लांबी मोजून लिहून ठेवली. जाळीवर सपाट ठेवून धुतलं, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपलं आणि ओलसर असतानाच हलक्या हाताने मापावर ओढून सपाट वाळवलं. क्रेप वाळताना आखडतो, म्हणून हे माप. पूर्ण ओलं करण्याचा फायदाही आहे: विस्कोसवर फक्त डागापुरतं पाणी लावलं तर पाण्याचाच गोल राहतो.

मंगळवार, १० डिसेंबर

पुन्हा पैठणी. आता गोंदाची कडा.

पहिल्यांदा काहीच ओलं केलं नाही. कडेच्या दोन्ही बाजूचं कापड दोन हातांच्या चिमटीत धरून कापडावर कापड हलकंच सरकवलं. कोरडं असेपर्यंत रेशीम हे सहन करतं. ताठ रेघ मोडली, पांढरा चुरा झटकला. कडेचा बराचसा भाग इथेच गेला.

उरलेल्यासाठी वाफ. स्टीमर वीतभर लांब, सतत हलता, नाहीतर थेंब टपकतात आणि नवा डाग. गोंद मऊ झाला की कोरड्या सुती कापडाने टिपायचं. मग बॅटरीचं पाणी अगदी बारीक फवाऱ्याने संपूर्ण प्लेटच्या रुंदीवर, काठ सोडून, धुकं धरल्यासारखं समान. पाणी सगळीकडे सारखं वाळलं तर गोंदाला साचायला एक कड मिळत नाही. दोन जुन्या सुती चादरींमध्ये घेऊन टिपलं, पंख्याखाली सावलीत वाळवलं. व्हिनेगर इथे रंगासाठी उपयोगी पडलं असतं, पण जवळ जर आहे, आणि जरीच्या धातूला आम्ल कुणी मुद्दाम देत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडसुद्धा नाही. जुन्या पिवळ्या डागावर ते चालतं, पण पांढऱ्या किंवा रंग पक्का असलेल्या रेशमावर आणि जरीपासून लांब. ही साडी यातल्या कुठल्याच खणात बसत नाही.

संध्याकाळी तिरक्या उजेडात पाहिलं. पट्टे गेले, कडा गेली. फिका तुकडा आहे, दोन बोटांएवढा.

गुरुवार, १२ डिसेंबर

वहिनी आल्या. फिका तुकडा आधी मीच दाखवला, हात लावायच्या आधी होता तेवढाच आहे हे पहिल्या दिवशीच्या फोटोशी जुळवून.

"हे रंगवून नाही का देता येणार?"

"येईल. रंगारी ब्रशने जांभळा भरेल. पण आत्ता जुळलेला रंग चार वर्षांनी जुळेलच असं नाही, आणि पाणी लागलं की कडा सुटते. मी असते तर नसता भरला."

मग वहीतलं प्लेटचं अंतर काढलं. प्लेट आधीपेक्षा बोटभर रुंद घेतली की फिका तुकडा दुमडीच्या आत जातो आणि वर स्वच्छ कापड येतं. त्यांच्या खांद्यावरच प्लेट घालून आरशात दाखवलं. त्यांना पटलं. दुमडी दरवेळी थोडी बदलून घाला म्हणून सांगितलं, नाहीतर जर तिथेच मोडते.

पॉलिश आता नको, असं पावतीवर लिहिलं. परफ्यूम साडी नेसण्याआधी, मनगटावर आणि कानामागे, आणि सुकल्यावर मग पदर. एवढं करून उडालंच तर कोरड्या कापडाने टिपायचं, पाणी नाही, आणि जमेल तितक्या लवकर आमच्याकडे.

कुडत्याच्या गळ्याच्या शिवणीत एक फिकी सावली उरली आहे, आत वळलेल्या पट्टीत. ती तशीच ठेवली. आणखी लिंबूसत लावलं तर हिरवा रंग फिका होईल. गाऊनला काही बाकी नाही.

मामांनी पावतीपुस्तकाच्या पुढच्या छपाईसाठी दोन ओळी वाढवायला सांगितल्यात: "डागावर काय लावलं?" आणि "पॉलिश केलेली आहे का?" पिवळी पडलेली इस्त्रीची चिंधी काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे, म्हणजे गरम इस्त्री का करायची नाही ते पुन्हापुन्हा सांगायला नको.